तेलाची बाटली आणि आपली कातडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी तेलावर बोला, असे मला चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी जरा विचारात पडले. तेल काय, प्रत्येकीच्या घरी आहे. लेकरांना चोळायला, केसांना लावायला, थंडीत हातापायांना लावायला आपण ते रोज वापरतो. पण गेल्या दोन वर्षांत मला किती जणींनी विचारले असेल, की 'बाई, खोबरेल चांगले की तिळाचे? सुनेने होहोबाची बाटली मागवली आहे, ती खरी आहे का? बदामाचे तेल लेकराला लावले तर चालेल का?' म्हणून ठरविले की, या प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सांगावीत. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवीत असे. तेव्हाची सवय अजून सुटलेली नाही. त्यामुळे थोडे कारणही सांगेन, पण कंटाळा येऊ देणार नाही.

सगळ्या तेलांविषयी बोलण्याऐवजी मी एकाच प्रश्नाला धरून चालते. तो असा, की आपल्या नागझिऱ्याच्या भोवतालच्या हवेत कोणते तेल टिकते आणि कोणते नासते? कारण कातडीला कोणते तेल मानवते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की बाटलीतले तेल अजून तेल राहिले आहे का? खवट झालेले तेल कोणत्याच कातडीला चांगले नाही. त्यात जी नवी द्रव्ये तयार होतात ती नाजूक कातडीला झोंबतात, आणि लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठते ते पुष्कळदा तेलाच्या जातीमुळे नसून त्याच्या वयामुळे असते.

खवटपणा दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची आणि दुसरी पाण्याची. या दोन्ही वाटा नीट ओळखल्या की पुढचे सगळे सोपे जाते.

हवेची वाट अशी. तेल हे लांबलचक साखळ्यांचे बनलेले असते. काही साखळ्यांत कड्या घट्ट बसलेल्या असतात, काहींत एखादी कडी सैल असते, काहींत दोन, काहींत तीन. हवेतला प्राणवायू या सैल कड्यांशीच भिडतो. एका सैल कडीच्या साखळीच्या मानाने दोन सैल कड्यांची साखळी सुमारे दहा-बारापट वेगाने बिघडते, आणि तीन कड्यांची वीस-पंचवीसपट. अशा तऱ्हेने बिघडलेल्या तेलाचा वास जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा येतो. उजेड आणि ऊन हे काम वाढवितात. उष्णता दहा अंश वाढली की हे काम ढोबळ मानाने दुप्पट होते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून चढतो, हे लक्षात घ्या.

पाण्याची वाट निराळी. तेलात ओल शिरली, बुरशी धरली, तर साखळीचा जोड तुटतो आणि आम्लद्रव्य मोकळे होते. या तेलाचा वास साबणासारखा किंवा आंबूस येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो, त्या दिवसांत ही वाट जास्त जवळची.

आता एकेक तेल घेऊ. सुरुवात घरच्या तेलापासून करते.

आपल्या भागात जवस पिकते. धानाच्या मागून त्याच बांधीत जवस टाकण्याची रीत जुनी आहे आणि जवसाचे तेल आपल्या भाजीत असतेच. पण ते अंगाला किंवा केसांना लावायला साठवून ठेवण्यासारखे नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक साखळ्या तीन सैल कड्यांच्या असतात. म्हणूनच हे तेल रंगवाले वापरतात. पातळ थर हवेत ठेवला की तो वाळून कातडीसारखा होतो. जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी चिकट वळ पाहिला असेल, तो हाच. आणि एक सावधगिरी. जवसाचे तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

दुसरे मोहाच्या बियांचे तेल. कुणी या बियांना टोळी म्हणते, कुणी टोरी. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये, आणि बी मात्र जून-जुलैमध्ये, म्हणजे नेमके पाऊस सुरू होताना. इथेच मेख आहे. मोहाच्या तेलात सैल कड्या फार नाहीत, तीळ-बदामाहून पुष्कळ कमी. म्हणून हवेच्या वाटेने ते हळू बिघडते. पण बी ओलसर जमिनीवर पडून राहिले, टरफलासकट पोत्यात कोंबले, तर बुरशी आतूनच तेल फोडते. मग घाणीतून निघणारे तेल पहिल्याच दिवशी आंबूस असते आणि आपण म्हणतो, मोहाचे तेल असेच असते. ते तसे नसते. बी पडल्यावर दोन-चार दिवसांत गोळा करावे, फोडून गर काढावा, गर उन्हात किंवा चुलीजवळच्या उबेत कडक वाळवावा. दातांखाली कट्कन तुटला पाहिजे, वाकता कामा नये. हिरवट-काळा डाग असलेला गर वेगळा काढावा. असे केले तर तेल फिकट पिवळे, मऊ वासाचे येते आणि थंडीत लोण्यासारखे थिजते. फुटलेल्या टाचांना व कोरड्या हातांना ते फार चांगले. चेहऱ्यावर मात्र जड पडते.

आता बाजारची चार तेले. तेल किती सैल कड्यांचे आहे, हे मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पिते ते पाहावयाचे. खोबरेल सुमारे आठ-दहा, होहोबा ऐंशीच्या थोडे वर, बदाम शंभराच्या आसपास, तीळ एकशेदहाच्या आसपास, आणि जवस एकशेसत्तरच्या पुढे. यावरून वाटेल, की तीळ बदामाच्या आधी खवट होते. पण घरातला अनुभव उलटा आहे. उघडलेली बदामाची बाटली आधी वास मारते, तिळाची मागाहून. याचे कारण काय? तर तिळात सेसमॉल व त्याची भावंडे म्हणता येतील अशी द्रव्ये असतात, जी प्राणवायूला आडवी येतात. तीळ भाजून काढलेले तेल तर आणखी टिकते, कारण भाजण्याने ही द्रव्ये आणखी मोकळी होतात. याच द्रव्याच्या रंगाच्या खुणेसाठी आपल्या देशात अनेक वर्षे वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती होती. शुद्ध तुपात वनस्पती मिसळले असेल, तर एका रसायनाने ते गुलाबी-लाल रंग दाखवून पकडले जाई.

म्हणून सांगण्याचा मुद्दा असा, की नुसत्या आकड्यावर जाऊ नये. तेलाबरोबर त्याचा राखणदार कोण आहे, हेही पाहावे. साधे गाळलेले तीळ तेल राखणदार घेऊन येते. फार शुद्ध करून पांढरे केलेल्या तेलात तो बराचसा निघून गेलेला असतो.

खोबरेल हे हवेच्या वाटेला फारसे भीक घालत नाही, कारण त्यातल्या दहापैकी नऊ भाग साखळ्या घट्ट कड्यांच्या आहेत. त्याला भीती पाण्याची. ओल्या चमच्याने काढले, न्हाणीघरात उघडे ठेवले, तर साबणाचा वास येऊ लागतो. ते २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून आपल्याकडे डिसेंबरात बाटलीत पांढरे घट्ट दिसते. ती नासाडी नव्हे. उलट तीच परीक्षा आहे. थंडीत किंवा फ्रिजमध्ये ठेवून पाहा, शुद्ध खोबरेल सगळेच घट्ट होते. वर किंवा मध्ये पातळ थर राहिला, तर दुसरे तेल मिसळले आहे असे समजावे.

बदामाच्या तेलाविषयी एकच गोष्ट सांगते, पण ती महत्त्वाची. 'बदाम केसतेल' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मुख्य वस्तू बदाम नसते, तर 'लाइट लिक्विड पॅराफिन' असते. पाठीवरचे बारीक अक्षर वाचावे. जे आधी लिहिले आहे ते सर्वांत जास्त असते. पॅराफिन हे जमिनीतल्या तेलापासून निघते, त्याला सैल कडीच नाही, म्हणून ते खवटही होत नाही. वर्षानुवर्षे वास बदलत नसेल, तर ती बदामाची थोरवी नव्हे. खरे बदाम तेल लहान बाटलीत घ्यावे आणि उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत संपवावे. घरात कोणाला शेंगदाणे-बदाम सोसत नसतील, तर त्यांच्यापासून ते लांबच ठेवावे.

आणि होहोबा. नाव वाचताना काही जण 'जोजोबा' म्हणतात, म्हणाले तरी चालेल. हे तेल नाहीच, द्रवरूप मेण आहे. अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातील झुडपाच्या बियांतून ते निघते आणि आता राजस्थानातही त्याची लागवड आहे. पूर्वी यंत्रांच्या वंगणासाठी व सौंदर्यप्रसाधनांसाठी देवमाशाच्या तेलाचा वापर होई. १९७० च्या सुमारास अमेरिकेने त्याच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा त्याच्या जागी या मेणाचा शोध पुढे आला. त्यात प्रत्येक बाजूला एकच सैल कडी असते, दोन-तीन कड्यांची साखळी जवळजवळ नसते. म्हणून आकडा ऐंशीचा असूनही ते वर्षानुवर्षे टिकते. माणसाच्या कातडीवरच्या नैसर्गिक तेलात सुमारे चौथा भाग मेणाचाच असतो, त्यामुळे ते चेहऱ्यावर हलके बसते. पण ते महाग आहे आणि तोच उपयोग आपल्याला दुसऱ्याने भागत असेल, तर घेण्याची गरज नाही. चमत्कार त्यात काही नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकी सोळा घरांनी मिळून मे महिन्यात तिळाच्या तेलाचा एक डबा घेतला, प्रत्येकीला साधारण एक लिटर. ऑक्टोबरात मी प्रत्येकीच्या घरी जाऊन वास घेतला. एक लहान बाटली मी त्याच डब्यातून काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली होती, ती सोबत नेली, कारण ताजा वास आठवणीवर सांगता येत नाही, शेजारी धरून पाहावा लागतो. अकरा घरी तेल चांगले होते, पाच घरी बिघडले होते. डबा एक, तेल एक, मग हा फरक कुठून आला?

दोन घरी बाटली चुलीच्या वरच्या फळीवर होती. पारदर्शक प्लास्टिक आणि रोजची आच. तेथे वास जुन्या शेंगदाण्याचा. तिसऱ्या घरी तेल पितळेच्या गडव्यात होते. तांबे आणि लोखंड यांचा अगदी किंचित अंश तेलात उतरला तरी हवेची वाट फार वेगवान होते, आणि पितळेत तांबे असतेच. चौथ्या घरी नवे तेल जुन्या उरलेल्या तेलावर ओतले होते. जुने तेल म्हणजे विरजणच. त्यातला बिघाड नव्या तेलाला लागतो, म्हणून बाटली रिकामी करून, धुऊन, कोरडी करून मगच भरावी. पाचव्या घरी तेलात माक्याची ताजी पाने टाकून काचेची बरणी खिडकीत उन्हात ठेवली होती. येथे वास आंबूस होता आणि तळाशी पांढरट गाळ होता. पानांतले पाणी तळाशी बसले होते. पाने घालायचीच असतील तर सावलीत चुरचुरीत वाळवून घालावी, आणि तेल आठवड्याभरात गाळून घ्यावे.

चांगल्या अकरा घरांत काही विशेष होते का? विशेष काही नाही. काचेची किंवा स्टीलची बाटली, झाकण घट्ट, अंधारे कपाट, काढणारा चमचा कोरडा. आणि सात घरांत तेल लहान बाटल्यांत वाटून ठेवले होते. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेची बाटली. म्हणून एका लिटरच्या चार पाव लिटरच्या बाटल्या कराव्यात आणि एकेक उघडावी.

वास ओळखण्याची रीत अशी. दोन थेंब तळहातावर घ्यावे, दुसऱ्या तळव्याने चोळून गरम करावे आणि लगेच वास घ्यावा. बाटलीच्या तोंडाशी घेतलेला वास फसवितो, कारण गळ्यावरचा पातळ थर आधी बिघडतो. खाण्याचे तेल असेल तर एक थेंब जिभेवर ठेवावा. घशात खरवड लागली, तर ते फेकण्याजोगे.

आता कातडीकडे येते. पहिली गोष्ट, तेल पाणी देत नाही, असलेले पाणी अडवून धरते. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपून, किंचित ओलसर असतानाच लावावे. मोठ्या माणसाच्या हातापायांना अर्धा चहाचा चमचा पुरे.

कोरड्या कातडीला, विशेषतः थंडीत, तिळाचे किंवा बदामाचे तेल मानवते. टाचा-कोपरांना मोहाचे किंवा खोबरेल. तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला खोबरेल आणि मोह टाळावे. जड तेलाने छिद्रे भरतात. तेथे होहोबाचे दोन-तीन थेंब चालतील, किंवा काहीच न लावले तरी बरे. वय झालेल्या आणि खाजऱ्या कोरड्या कातडीवर खोबरेलचा उपयोग होतो. फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात कच्च्या खोबरेलाने पॅराफिनच्या तेलापेक्षा जास्त आराम दिसला. पण कातडी चिरलेली, पाझरणारी असेल, तर घरचे तेल नव्हे, डॉक्टर.

तान्ह्या लेकराबद्दल मी दोन शब्द जास्त घेते. बाळाची कातडी पातळ असते आणि आपण ती रोज चोळतो. एका सैल कडीच्या साखळ्या फार असलेली तेले, जसे बदामाचे, ती पातळ भिंत थोडी सैल करतात असे अभ्यासातून दिसले आहे. ऑलिव्ह तेलाचेही तसेच आहे. दोन सैल कड्यांच्या साखळ्या त्या भिंतीला आधार देतात, पण अशी तेले लवकर बिघडतात. तिळात दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे, आणि राखणदार सोबत. म्हणून बाळासाठी वेगळे तेल पाव लिटरच्या कोऱ्या, कोरड्या बाटलीत ठेवावे. भाजीचा चमचा त्यात घालू नये आणि महिना-दीड महिन्यात संपवावे. नवे तेल सुरू करताना आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस पाहावे. लाली आली तर थांबावे. आणि चोळताना अंगावर जोर नको. तेलाने हात घसरावा एवढेच त्याचे काम.

शेवटी, कोणी मला विचारले की, 'बाई, एकच तेल घेऊन राहायचे असेल तर कोणते?' तर माझे उत्तर असे. आपल्या हवेत बाळाला व मोठ्यांच्या अंगाला भाजलेल्या नव्हे, साध्या घाणीच्या तिळाचे तेल, पाव-पाव लिटरने. केसांना आणि कोपर-टाचांना खोबरेल. बदाम आणि होहोबा हौसेसाठी, लहान बाटलीत. आणि मोहाचे बी ज्यांच्या शिवारात पडते त्यांनी ते वेळेवर वाळवावे, तेवढ्यानेही वर्षाच्या टाचांचे तेल घरचे होते.

बाटलीवर तारीख लिहिण्यासाठी मी मंडळाकडे कागदी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा ठेवला आहे. घरी जाताना प्रत्येकीने चार-चार घ्याव्यात, भरल्याची व उघडल्याची तारीख लिहून चिकटवाव्यात आणि दिवाळीच्या वेळी मला वास घ्यायला बोलवावे.